जबड्याचा आवाज: केव्हा दुर्लक्ष करावं, केव्हा नाही

जांभई देताना किंवा मोठा घास घेताना कानाच्या पुढे 'कट्ट' असा आवाज होतो. कधी तो शेजारच्यालाही ऐकू जातो. काहींना हा आवाज वर्षानुवर्षं असतो आणि दुखत काहीच नाही. काहींचं मात्र कानशील दुखू लागतं, चावताना जबडा भरून येतो आणि मग मनात शंकांचं काहूर माजतं. सांधा झिजला असेल का? निखळेल का? ऑपरेशन करावं लागेल का?

नुसता आवाज हा आजार नाही, हे सुरुवातीलाच सांगायला हवं. सर्वसाधारण लोकांची तपासणी केली तर पाचांपैकी एकाच्या तरी जबड्यात असा आवाज सापडतो आणि त्यातल्या बहुतेकांना कधीच उपचार लागत नाहीत. आवाजापेक्षा महत्त्वाचे प्रश्न दोन आहेत. जबडा दुखतो का? आणि तोंड पूर्वीइतकं उघडतं का? या दोन प्रश्नांच्या उत्तरांवरून पुढचं जवळजवळ सगळं ठरतं. अनेकांना उलटी वाटणारी एक गोष्टही इथे लक्षात ठेवायला हवी. वर्षानुवर्षं वाजणारा जबडा एके दिवशी अचानक गप्प झाला आणि त्याच दिवसापासून तोंड अर्धंच उघडू लागलं, तर ती बरं झाल्याची खूण नसते. डॉक्टरांकडे जाण्याची ती वेळ असते.

आवाज येतो कुठून?

दोन्ही कानांच्या छिद्रांपुढे बोटं ठेवून सावकाश तोंड उघडा. बोटांखाली एक गोलसर हाड हललेलं जाणवेल. ते खालच्या जबड्याचं टोक. कवटीच्या हाडातल्या एका उथळ खोबणीत ते बसतं आणि दोन्ही बाजूंचे हे सांधे नेहमी एकत्रच काम करतात. तोंड उघडायला लागलं की पहिले दोन-अडीच सेंटीमीटर हे टोक दाराच्या बिजागरीसारखं जागच्या जागी फिरतं. त्यापुढे तोंड उघडायचं असेल तर ते खोबणीतून बाहेर पडून पुढे घसरतं. फिरणं आणि घसरणं अशा दोन्ही हालचाली या सांध्यात होतात.

या दोन हाडांच्या मध्ये एक चिवट, लवचिक चकती असते. जबडा पुढे घसरला की चकतीही त्याच्याबरोबर पुढे जाते आणि हाडावर हाड घासू देत नाही. काही लोकांमध्ये चकतीला धरून ठेवणारे बंध सैल होतात आणि तोंड मिटलेलं असताना ती आपल्या जागेपासून थोडी पुढे सरकलेली राहते. मग तोंड उघडताना हाडाचं टोक तिच्या मागच्या जाड कडेवरून उडी मारून तिच्यावर चढतं. तो क्षण म्हणजे 'कट्ट'. तोंड मिटताना चकती पुन्हा पुढे निसटते, तेव्हा कधी कधी दुसरा, हलका आवाज येतो. उघडताना एक आणि मिटताना एक असे दोन आवाज ही सरकलेल्या चकतीची ओळख आहे.

चकती सरकली म्हणजे सांधा बिघडला असं नाही. जबड्याची कुठलीही तक्रार नसलेल्या लोकांचं एमआरआय काढलं, तेव्हा त्यांच्यापैकी सुमारे एक तृतीयांश लोकांमध्ये चकती सरकलेली आढळली. चकतीमागचा मऊ भाग हळूहळू घट्ट होतो आणि चकतीचं काम करू लागतो. त्यामुळे दुखत नसलेला आवाज घालवण्यासाठी उपचार करण्यात अर्थ नसतो, आणि कितीही उपचार केले तरी तो पूर्ण जाईलच असंही नाही.

चकती इतकी पुढे सरकली की हाडाला तिच्यावर चढताच येत नाही, तेव्हा खरी अडचण होते. मग चकती वाटेत आडवी येते. जबडा फिरतो पण पुढे घसरत नाही. तोंड जेमतेम अडीच-तीन सेंटीमीटर उघडतं आणि उघडताना हनुवटी दुखऱ्या बाजूकडे वळते. उडीच होत नाही म्हणून आवाजही थांबतो. वाळूवर पाय पडल्यासारखी बारीक करकर हा तिसरा प्रकार. तो बहुधा उतारवयात ऐकू येतो आणि सांध्याचा पृष्ठभाग खडबडीत झाल्याचं दाखवतो. तोही दुखत नसेल तर नुसतं लक्ष ठेवणं पुरतं.

दुखणं बहुतेकदा स्नायूंचं

जबडा दुखला की सगळ्यांचं लक्ष सांध्याकडे जातं. प्रत्यक्षात बहुतेक रुग्णांमध्ये जास्त दुखत असतात ते चावण्याचे स्नायू. गालांवर तळवे ठेवून दाढा घट्ट आवळल्या की हाताखाली एक जाड गाठ टरारून वर येते. तो मॅसेटर. कानशिलावर पंख्यासारखा पसरलेला टेम्पोरॅलिस हा दुसरा. बोटाने दाबल्यावर या स्नायूंवरच तुमची नेहमीची वेदना उमटली, तर मूळ सांध्याच्या आत नसून स्नायूत आहे असं समजायला आधार मिळतो.

ही वेदना जागेवर थांबत नाही. ती कानात, कानशिलात, दाढांमध्ये आणि कधी मानेपर्यंत पसरते. सांध्याला संवेदना पुरवणाऱ्या मज्जातंतूची फांदी कानाच्या पुढच्या भागालाही जाते, त्यामुळे कान दुखतो अशी तक्रार घेऊन रुग्ण आधी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जातो आणि कान मात्र निरोगी निघतो. अमेरिकेतले जेम्स कॉस्टेन हे कान-नाक-घसा तज्ज्ञच होते. 1934 साली त्यांनी जबडा आणि कान यांच्या अशा तक्रारी एकत्र मांडल्या आणि दाढा पडल्यामुळे जबड्याची ठेवण बदलते, हे त्यामागचं कारण असल्याचं सांगितलं. या विचाराचा प्रभाव पुढे अनेक दशकं टिकला. आज मात्र दात वाकडे आहेत किंवा नीट जुळत नाहीत, एवढ्यामुळे जबडा दुखतो असं मानायला पुरेसा पुरावा नाही. म्हणूनच जबड्याच्या दुखण्यासाठी चांगले दात घासून कमी करणं टाळायला हवं. घासलेलं इनॅमल परत येत नाही.

मग स्नायू थकतात कशाने? सर्वांत मोठं कारण म्हणजे दात विनाकारण एकमेकांना टेकलेले राहणं. जेवताना आणि गिळताना दात टेकतात तेवढे सोडले तर दिवसभर वरचे आणि खालचे दात एकमेकांपासून सुटे असायला हवेत. पण संगणकावर काम करताना, गाडी चालवताना, हिशेब जुळवताना अनेक जण नकळत दाढा आवळून बसतात. काही जण झोपेत दात खातात. त्यांना याची खबर घरच्यांकडूनच मिळते, किंवा सकाळी उठल्यावर जबडा जड वाटतो. याशिवाय च्युइंगम आणि सुपारी सतत चघळणं, नखं कुरतडणं, एकाच बाजूने चावणं, अक्कलदाढ काढताना तोंड फार वेळ उघडं राहणं आणि हनुवटीवर पडलेला मार ही कारणंही असतात. अपुरी झोप, चिंता, शरीरात अन्यत्र असलेलं जुनं दुखणं यांनी वेदना वाढते आणि लांबते. विशी ते चाळिशीच्या स्त्रियांमध्ये ही तक्रार अधिक दिसते.

एक उदाहरण

या तक्रारीचा नेहमीचा प्रवास समजण्यासाठी एक कल्पित पण अगदी प्रातिनिधिक उदाहरण घेऊ. तिशीतली एक शिक्षिका. कॉलेजच्या दिवसांपासून तिचा उजवा जबडा वाजतो, पण दुखत नाही. मार्च-एप्रिलमध्ये उत्तरपत्रिकांचे गठ्ठे घरी येतात. रात्री जागून तपासणी, मान खाली, दाढा आवळलेल्या. दोन-तीन आठवड्यांत उजव्या कानापुढे ठणकू लागतं, भाकरी चावताना कळ येते, दुपारनंतर कानशील धरतं. कानात काही नाही असं कानाचे डॉक्टर सांगतात.

दातांचे डॉक्टर तिच्या तोंडाची उघड मोजतात. वरच्या आणि खालच्या पुढच्या दातांमधलं अंतर 43 मिलिमीटर भरतं. मोठ्या माणसात साधारण 40 मिलिमीटर किंवा त्याहून जास्त उघड पुरेशी मानतात. घरी पाहायचं असेल तर स्वतःची मधली तीन बोटं उभी एकावर एक तोंडात मावली की झालं. उघडताना आणि मिटताना आवाज येतो, म्हणजे चकती सरकलेली आहे, पण ती जागेवर परतही येते. सांधा दाबल्यावर फारसा दुखत नाही. गालाचा स्नायू दाबल्यावर मात्र ती म्हणते, "हेच, हेच दुखतं." दाढेत कीड नाही, अक्कलदाढेची सूज नाही. निदान इथेच होतं. तिला एमआरआयची गरज नाही. सहा आठवडे जबड्याला आराम, सवयींत बदल आणि व्यायाम एवढं सांगून डॉक्टर तिला पुन्हा बोलावतात. परत येते तेव्हा दुखणं बरंच कमी झालेलं असतं आणि 'कट्ट' तसाच असतो. तो तसाच राहिला तरी चालतो, हे तिला आता माहीत असतं.

हीच शिक्षिका एका सकाळी उठली असती, आवाज थांबलेला असता आणि तोंडात जेमतेम दोन बोटं मावली असती, तर मात्र वाट वेगळी झाली असती. ताज्या अडकलेल्या सांध्यात डॉक्टर हाताने जबडा खाली-पुढे ओढून चकती मोकळी करून पाहतात. ते जमलं नाही आणि व्यायामानेही काही आठवड्यांत उघड वाढली नाही, तर दोन सुयांनी सांधा सलाइनने धुण्याचा मार्ग असतो. त्याला आर्थ्रोसेंटेसिस म्हणतात. म्हणून अशा वेळी महिनोन्महिने थांबू नये.

घरी काय करायचं?

पहिली गोष्ट दातांची. ओठ मिटलेले, दात सुटे, जीभ सैल ही जबड्याची विश्रांतीची स्थिती. 'न' म्हणताना जिभेचं टोक वरच्या पुढच्या दातांमागे टेकतं, तिथेच जीभ ठेवली की दाढा आपोआप सुटतात. अडचण आठवण राहण्याची असते. संगणकाच्या कडेला, स्वयंपाकाच्या ओट्यासमोर आणि गाडीच्या आरशाजवळ एकेक छोटा रंगीत ठिपका चिकटवा. तो दिसला की दात टेकले आहेत का पाहायचं आणि सोडायचे. सगळ्या उपायांत हा सर्वांत साधा आहे आणि चिकाटीने केला तर सर्वांत उपयोगी.

दुसरी गोष्ट खाण्याची. दोन ते चार आठवडे मऊ खावं. वरणभात, मुगाची खिचडी, उपमा, आमटीत कुस्करलेली भाकरी चालेल. चिक्की, ऊस, कडक चकली, सुपारी, च्युइंगम बंद. सफरचंद किंवा पेरू दातांनी तोडण्यापेक्षा फोडी करून खावा. दोन्ही बाजूंनी चावावं. पण केवळ पातळ पदार्थांवर राहू नये आणि जबडा हलवायचं थांबवू नये, नाही तर स्नायू आणखी आखडतात.

तिसरी गोष्ट शेकण्याची आणि हालचालीची. कोमट पाण्यात बुडवून पिळलेला टॉवेल गालावर आणि कानशिलावर पंधरा-वीस मिनिटं, दिवसातून दोन-तीनदा. नुकताच मार लागला असेल तर पहिले दोन दिवस शेक न देता कपड्यात गुंडाळलेला बर्फ दहा मिनिटं ठेवावा. शेकल्यावर दोन बोटांनी गालाचा स्नायू हलकेच गोल चोळावा. मग जीभ टाळूला लावून, आरशात हनुवटी सरळ खाली येते का पाहत, तोंड सावकाश उघडावं आणि मिटावं. जीभ टाळूवरून सुटेपर्यंतच उघडायचं. एका वेळी सहा वेळा, दिवसातून पाच-सहा वेळा. व्यायामाने वेदना वाढली आणि ती बराच वेळ टिकली तर तो कमी करावा. जांभई आली की हनुवटीखाली मूठ धरावी, म्हणजे तोंड फार उघडत नाही. आवाज अजून येतो का हे पाहण्यासाठी जबडा मुद्दाम वाजवत बसण्याची सवय मात्र सोडायलाच हवी.

वेदनाशामक गोळ्या काही दिवसांपुरत्या घेता येतात, पण इबुप्रोफेनसारख्या गोळ्या मूत्रपिंडाचा, जठराच्या व्रणाचा, रक्तदाबाचा त्रास असलेल्यांनी आणि गर्भवतींनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत. मनावरच्या ताणासाठी काही नैराश्यविरोधी औषधं सुरू असतील आणि त्यानंतर दात आवळणं वाढलं असेल, तर ते डॉक्टरांना सांगावं. औषध स्वतःहून बंद करू नये.

रात्री दातांवर घालायच्या पट्टीबद्दल, म्हणजे नाइटगार्डबद्दल बरेच जण विचारतात. दात खाऊन दातांची झीज होत असेल तर ती दातांचं रक्षण करते. वेदनेवर तिचा फायदा मात्र खात्रीचा नाही. 2023 साली 'बीएमजे' या वैद्यकीय नियतकालिकात जबड्याच्या जुनाट दुखण्याविषयी मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध झाल्या. त्यांत व्यायाम, फिजिओथेरपिस्टच्या हातचे उपचार, मानसोपचाराची वर्तनपद्धती आणि घरची काळजी यांना ठाम पाठिंबा दिला आहे. कायमचे बदल करणारे स्प्लिंट आणि चकती काढून टाकण्याची शस्त्रक्रिया करू नये, असं तितक्याच ठामपणे सांगितलं आहे. काढता-घालता येणारी पट्टीही सरसकट वापरू नये असं त्यांचं मत आहे. ती घ्यायचीच तर सगळे दात झाकणारी घ्यावी, फक्त रात्री घालावी आणि डॉक्टरांच्या देखरेखीत. काही दातच झाकणारी पट्टी दिवसरात्र घातली तर दात सरकून चावणं बदलू शकतं.

फोटो कधी काढायचे?

बहुतेक वेळा निदान हाताने आणि कानाने होतं. ओपीजी, म्हणजे दोन्ही जबडे एकाच पट्टीत दाखवणारा एक्स-रे, स्वस्त असतो आणि किडलेली दाढ, अडकलेली अक्कलदाढ किंवा हाड मोडल्याची ठळक खूण दाखवतो. पण त्यात चकती दिसतच नाही. हाडाचे बारकावे पाहायचे असतील तर सीबीसीटी करतात. जबड्याला मार लागला आहे, चेहरा हळूहळू एका बाजूला वळतो आहे किंवा करकर वाढत जाऊन दात जुळेनासे झाले आहेत, तेव्हा ते लागतं. चकती पाहायला एमआरआय लागतं आणि ते तोंड मिटून व उघडून अशा दोन्ही स्थितींत काढतात. जबडा अडकला आहे, दोन-तीन महिने नीट उपचार करूनही उतार नाही किंवा शस्त्रक्रियेचा विचार चालू आहे, तेव्हा त्याचा उपयोग होतो. फक्त आवाजासाठी एमआरआय काढलं तर 'चकती सरकली आहे' एवढंच कळतं, उपचार त्याने बदलत नाहीत आणि काळजी तेवढी वाढते.

कुणाकडे आणि किती लवकर?

सुरुवात दातांच्या डॉक्टरांपासून करावी. चार ते सहा आठवड्यांत उतार पडला नाही, तर ओरल मेडिसिन किंवा मुख व जबडा शल्यचिकित्सा या शाखेच्या तज्ज्ञांकडे जावं. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय दंत महाविद्यालयांत या शाखा आहेत.

काही लक्षणांत मात्र सहा आठवडे थांबायचं नसतं. जांभईनंतर तोंड उघडंच राहून मिटत नसेल, तोंड अचानक उघडेनासं झालं असेल, ताप किंवा सूज असेल, चेहरा बधिर होत असेल, गाठ हाताला लागत असेल किंवा मार लागल्यावर दात पूर्वीसारखे जुळत नसतील, तर त्याच दिवशी दाखवावं. लहान मूल हनुवटीवर आपटलं आणि नंतर त्याचं तोंड कमी उघडू लागलं, तर दुर्लक्ष करू नये. आत मोडलेलं टोक तसंच राहिलं तर सांधा जुळून घट्ट होऊ शकतो. पन्नाशीनंतर नव्याने डोकं दुखतंय, चावताना जबडा थकून थांबावं लागतंय, केस विंचरताना टाळू दुखतेय किंवा दृष्टी अंधुक होतेय, अशा वेळी रक्तवाहिन्यांच्या सुजेची शंका घेऊन तातडीने रक्त तपासावं लागतं, कारण उशीर झाला तर दृष्टी जाऊ शकते. चालताना किंवा जिना चढताना जबडा दुखतो आणि थांबल्यावर राहतो, तर तो दातांचा प्रश्न नसून हृदयाचा असू शकतो. बसल्या जागी जबडा, छाती किंवा हात दुखून घाम आला, तर थेट रुग्णालय गाठावं.

महाराष्ट्रात आणखी एक कारण नेहमी ध्यानात ठेवायला हवं. सुपारी, मावा, खर्रा किंवा गुटखा खाणाऱ्याचं तोंड हळूहळू कमी उघडू लागलं, तिखट लागताच तोंड जळू लागलं, गाल आतून पांढुरके आणि कडक झाले, तर तो सांध्याचा त्रास नव्हे. त्याला ओरल सबम्युकस फायब्रोसिस म्हणतात आणि त्यातून पुढे तोंडाचा कर्करोग होऊ शकतो. यात आवाज येत नाही, सांधा दुखत नाही, म्हणून माणूस बरेच दिवस निर्धास्त राहतो. सुपारी त्याच दिवशी बंद करणं आणि तोंड तपासून घेणं, याला दुसरा उपाय नाही.

डॉक्टरांकडे जाताना चार गोष्टी लिहून न्याव्यात: दुखणं कधी सुरू झालं, सकाळी जास्त असतं की संध्याकाळी, तोंडात किती बोटं मावतात, आणि जबडा कधी अडकला होता का. सकाळचं दुखणं झोपेत दात खाण्याकडे बोट दाखवतं, संध्याकाळचं दिवसभर दात आवळण्याकडे. एखाद्या डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत दात घासण्याचा, ब्रिज बसवण्याचा किंवा शस्त्रक्रियेचा सल्ला दिला, तर दुसऱ्या तज्ज्ञाचं मत घेईपर्यंत थांबायला हरकत नाही. जबड्याच्या बहुतेक दुखण्यांत आधी असे उपाय करायचे असतात, जे गरज सरली की थांबवता येतात.